‘साइट डाऊन आहे’ असा फोन आला की या चुका टाळा

हेल्पडेस्कवर सगळ्यात जास्त फसवते ती फोनची संख्या. दहा मिनिटांत वीस जणांनी ‘वेबसाइट उघडत नाहीये’ म्हटलं की सर्व्हर पडला असं धरून थेट होस्टिंगवाल्याला मेल जातो. पण ते वीसही जण एकाच इमारतीत, एकाच स्विच-राऊटरमागे आणि एकाच डीएनएस सर्व्हरवर बसलेले असतील, तर ती साक्ष वीस जणांची नसून एकाचीच आहे. तेव्हा किती जणांचा फोन आला यापेक्षा किती वेगवेगळ्या वाटांवरून तक्रार आली ते मोजा. नाशिकच्या ऑफिसातले पंधरा जण आणि पुण्यात घरच्या ब्रॉडबँडवर असलेला एक जण, यात तो पुण्याचा एकटा जास्त मोलाचा. म्हणून प्रत्येक फोनवर आधी विचारायचं, ‘कुठून आणि कशावरून बघताय? ऑफिसचं नेट, घरचं, मोबाइल डेटा, की व्हीपीएन?’

दुसरी चूक याच्याच पोटातली. हेल्पडेस्कचा माणूस स्वतःच्या मशीनवर साइट उघडून बघतो आणि ‘माझ्याकडेही बंद आहे’ म्हणून निकाल देतो. त्याचं मशीनही त्याच नेटवर्कवर असतं, मग निकाल वेगळा कसा लागणार? बाहेरून बघायला मोबाइल हवा, पण त्यातही एक खोच आहे: खिशातला फोन ऑफिसच्या वायफायला आपोआप जोडलेला असतो. वायफाय बंद करा, फोनवर व्हीपीएन असेल तर तेही बंद करा आणि इन्कॉग्निटो टॅबमध्ये साइट उघडा, नाहीतर साठवलेलं जुनं पान समोर येऊन सगळं ठीक वाटेल. जमलं तर दोन वेगळ्या कंपन्यांच्या सिमवर बघा. एकावर चालली आणि दुसऱ्यावर नाही, तर दोष ऑफिसात आणि सर्व्हरवर दोन्हीकडे नसून मधल्या वाटेत असू शकतो. आणि साइट मुळात फक्त ऑफिसच्या नेटवरूनच उघडेल अशी बांधलेली असेल, तर मोबाइलवर ती न दिसणं हा पुरावाच नव्हे.

फोनवरच्या माणसाला ‘काय दिसतंय?’ विचारलं तर उत्तर येतं ‘एरर’. तेवढ्यावर समाधान मानू नका, स्क्रीनवरची अक्षरं वाचून घ्या किंवा फोटो मागवा. `ERR_INTERNET_DISCONNECTED` असेल तर त्याच्याच मशीनची केबल किंवा वायफाय बघायचं. `503 Service Unavailable` दिसत असेल तर कोणीतरी उत्तर दिलंय, म्हणजे नेट बहुधा चालू आहे आणि दुखणं पलीकडे आहे. `502` आणि `504` मात्र जरा जपून, कारण ऑफिसातला प्रॉक्सीसुद्धा हे आकडे दाखवतो. पानावर प्रॉक्सीचं किंवा फायरवॉलचं नाव आहे का ते बघा. `ERR_CONNECTION_TIMED_OUT` हा सगळ्यात लबाड: उत्तर आलं नाही एवढंच तो सांगतो, का आलं नाही ते सांगत नाही.

आता पिंग. पिंगला उत्तर नाही म्हणजे सर्व्हर बंद, ही समजूत अजूनही ठाण मांडून आहे. अनेक ठिकाणी फायरवॉलवर पिंग मुद्दाम अडवलेला असतो आणि साइट मात्र मजेत चालू असते. उलट, पिंगला झकास उत्तर येतं पण वेब सर्व्हरची सर्व्हिसच बंद पडलेली असते. साइट बघायची तर तिचा पोर्ट तपासा. विंडोजवर पॉवरशेलमध्ये:

```
Test-NetConnection www.example.com -Port 443
```

`TcpTestSucceeded : True` आलं की मशीनपासून त्या पत्त्याच्या पोर्टापर्यंत वाट मोकळी आहे. `False` आलं तर लगेच सर्व्हरवर खापर फोडू नका, त्याच्याच वर `RemoteAddress` म्हणून जो पत्ता छापलेला असतो तो वाचा. ऑफिसात सगळं प्रॉक्सीतूनच जात असेल, तर ही तपासणी ब्राउझरच्या वाटेने जात नाही, थेट जायला बघते, त्यामुळे साइट चालू असतानाही `False` येऊ शकतं.

तो पत्ता वाचायला का सांगतोय, ते एका नेहमीच्या प्रकरणावरून कळेल. एका कंपनीने शनिवार-रविवारी वेबसाइट नव्या होस्टिंगवर हलवली आणि जुना सर्व्हर बंद केला. सोमवारी मुख्य ऑफिसात कोणाचीच साइट उघडेना. घरून व्हीपीएनवर काम करणाऱ्यांचेही फोन आले. ‘वेगवेगळ्या गावांतून तक्रार आहे’ म्हटल्यावर सर्व्हर पडल्याची खात्रीच झाली. होस्टिंगवाल्याचं उत्तर: आमच्याकडे साइट चालू आहे. ग्राहकांची एकही तक्रार नव्हती. खरं तर तिथेच थांबून विचार करायला हवा होता. ऑफिसच्या एका मशीनवर हे दोन कमांड चालवले:

```
nslookup www.example.com
nslookup www.example.com 8.8.8.8
```

पहिल्याने ऑफिसच्या डीएनएसला विचारलं, उत्तर आलं `203.0.113.20`. दुसऱ्याने गूगलच्या डीएनएसला विचारलं, उत्तर `198.51.100.7`. एकाच नावाचे दोन पत्ते, आणि पहिला जुन्या सर्व्हरचा. झालं असं होतं की कंपनीच्या अॅक्टिव्ह डिरेक्टरीच्या डोमेनचं नाव आणि वेबसाइटचं नाव एकच होतं. त्यामुळे त्या नावासाठी ऑफिसचा डीएनएस बाहेर कोणाला विचारतच नाही, स्वतःकडची नोंद देतो, आणि `www`ची नोंद कोणीतरी पूर्वी हाताने भरून ठेवलेली होती. बाहेरची नोंद बदलली, आतली तशीच राहिली. व्हीपीएनवाले घरी बसले असले तरी पत्ता याच डीएनएसला विचारत होते, म्हणून गावं वेगळी दिसली तरी वाट एकच. याच लोकांना ‘दोन मिनिटं व्हीपीएन काढून बघा’ म्हटलं असतं, तर उलगडा फोनवरच झाला असता.

दुरुस्ती साधी: आतल्या डीएनएसमधली `www`ची नोंद बदलली आणि मशीनवर

```
ipconfig /flushdns
```

चालवलं. फ्लश न करणाऱ्यांकडे जुना पत्ता टीटीएल संपेपर्यंत राहतो, आणि विंडोज डीएनएसमध्ये हाताने भरलेल्या नोंदीचा टीटीएल बदलला नसेल तर एक तास असतो. ब्राउझर पूर्ण बंद करून उघडायलाही सांगा. हे माहीत नसलं की दुरुस्तीनंतरही फोन येत राहतात आणि केलेलं बरोबर काम उलटं फिरवलं जातं.

पण दोन्हीकडून वेगळा पत्ता आला म्हणजे दोषच, असा सरसकट नियमही करू नका. मोठ्या साइट सीडीएनवर असतात आणि डीएनएसगणिक वेगळे पत्ते देतात. दोन्ही पत्ते खरोखर त्या साइटचेच आहेत का, ते वेब टीमला विचारून ठरवा.

पत्ते जुळतात, बाहेरून साइट उघडते, पोर्ट मात्र फक्त ऑफिसातून बंद, असं असेल तर आणखी एक शक्यता धरा. सगळं ऑफिस बाहेर एकाच सार्वजनिक आयपीने दिसतं. कोणी चुकीचा पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकला आणि सर्व्हरच्या सुरक्षेने तो आयपी अडवला, तर एकाच्या चुकीने सगळे बाहेर. अशा वेळी राऊटर रीस्टार्ट करून कधी कधी ‘बरं’ वाटतं, कारण लाइनवाल्याकडून नवा आयपी मिळतो. पण कारण झाकलं जातं आणि तो पासवर्ड टाकणारा कामाला लागलेलाच असतो. आधी सार्वजनिक आयपी टिपून घ्या, रीस्टार्ट मग.

पुढे तिकीट देताना ‘साइट डाऊन, तातडीने बघा’ एवढंच लिहू नका. असं लिहा: ‘१०:१० वाजता ऑफिसच्या नेटवरून `ERR_CONNECTION_TIMED_OUT`, मोबाइल डेटावर दोन कंपन्यांच्या सिमवर चालू. ऑफिसच्या डीएनएसने दिलेला पत्ता हा, `8.8.8.8`ने दिलेला हा. पोर्ट 443 ऑफिसातून `False`. ऑफिसचा सार्वजनिक आयपी हा.’ एवढं हातात असलं की नेटवर्कवाला आणि होस्टिंगवाला एकमेकांकडे बोट दाखवत बसत नाहीत.