किंमत, शिल्लक आणि डिलिव्हरी: घरगुती बुटीकसाठी तयार उत्तरं कशी लिहावीत

इथे उदाहरण घेतलंय ते इरकल साड्या, खणाचे ब्लाउज आणि थोडं शिवणकाम करणाऱ्या घरगुती बुटीकचं. बहुतेक माल एकेक पीसचा, विक्री इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅपवर, उत्तरं देणारी व्यक्ती एकच. अशा ठिकाणी दिवसभर तेच तीन प्रश्न येतात: केवढ्याला, आहे का, कधी मिळेल. उत्तरं साठवून ठेवणं दहा मिनिटांचं काम आहे. ती अशी लिहिणं की चुकीचं वचन जाऊ नये, हे मात्र जमवावं लागतं.

कुठे साठवायची

व्हॉट्सअॅप बिझनेसमध्ये Business tools मध्ये Quick replies. इन्स्टाग्रामच्या व्यावसायिक खात्यात Business tools and controls मध्ये Saved replies. प्रत्येक उत्तराला एक छोटा शब्द जोडायचा. व्हॉट्सअॅपवर तो / टाकून लिहिला की उत्तर चौकटीत येतं, आणि पाठवण्याआधी त्यात बदल करता येतो. व्हॉट्सअॅप बिझनेसवर पन्नास उत्तरं साठवता येतात, पण नऊ-दहाच्या पुढे जाऊ नका. लक्षात राहत नाहीत म्हणून शोधावी लागतात, आणि शोधण्यापेक्षा हाताने लिहिणं लवकर होतं. दोन्ही ॲपमधली उत्तरं एकमेकांशी जोडलेली नसतात, त्यामुळे मूळ मजकूर फोनच्या नोट्समध्ये ठेवा आणि बदल झाला की तिथून दोन्हीकडे डकवा.

लिहिण्याआधी दोन नियम

पहिला: जे रोज बदलतं ते साठवलेल्या मजकुरात नको. पीसचा भाव, शिल्लक, तारीख या गोष्टी दर वेळी हाताने भरायच्या. त्यासाठी मजकुराच्या मध्ये रिकामी जागा ठेवतात ती चूक आहे. ‘या साडीची किंमत ____ असून त्यात फॉल-पिको आहे’ असं साठवलं की घाईत ती रेघ तशीच गिऱ्हाइकाला जाते. उत्तर चौकटीत आलं की कर्सर शेवटी थांबतो, म्हणून भरायची गोष्ट नेहमी शेवटी ठेवा. वाक्य उघडं सोडा, म्हणजे ते पूर्ण केल्याशिवाय बोट पाठवण्याच्या बटणाकडे जात नाही.

दुसरा: ‘नमस्कार’ आणि ‘ताई’ साठवू नका. तिसऱ्या मेसेजला पुन्हा नमस्कार आला की समोरच्याला यंत्राशी बोलल्यासारखं वाटतं. आणि बायकोसाठी साडी विचारणारे पुरुष बरेच असतात. ‘ताई’, ‘काकू’, ‘दादा’ हे नाव बघून हाताने घाला, दोन सेकंद लागतात.

किंमत

विचारलं की आकडा द्या. ‘आधी फोटो बघा, मग सांगते’ याने गिऱ्हाईक जातं. आकड्यासोबत त्यात काय येतं तेही लिहा, कारण भांडण भावावरून कमी आणि फॉल-पिकोवरून जास्त होतं. शब्द: /bhav

> यात साडी, ब्लाउज पीस आणि फॉल-पिको आलं. ब्लाउज शिवून हवा असेल तर शिलाई वेगळी. कुरियर वेगळं, पिनकोड पाठवलात तर लगेच सांगते. किंमत ₹

स्टोरीवरून आलेल्या प्रश्नात एक अडचण असते. चोवीस तासांनी स्टोरी जाते, आणि चॅटमध्ये नुसतं ‘ही केवढ्याला?’ उरतं. म्हणून प्रत्येक फोटोवर कोपऱ्यात कोड लिहा: इरकलसाठी इ १४, खणासाठी ख ७ असं काहीही. फोटो दिसत नसेल तर अंदाजाने भाव सांगू नका, एक ओळ पाठवा: ‘फोटोवरचा कोड किंवा स्क्रीनशॉट पाठवाल का?’

‘शेवटचा भाव?’ यालाही एक उत्तर असू द्या: ‘भाव एकच ठेवलाय. दोन साड्या घेतल्यात तर कुरियर माझ्याकडे.’ सूट द्यायची नसेल तर दुसरं वाक्य काढा, पण पहिल्यात ‘सॉरी’ घालू नका.

शिल्लक: इथेच घोटाळा होतो

‘हो, आहे’ हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात महाग पडणारं तयार उत्तर आहे. एकाच मालाचे शंभर नग असलेल्या दुकानात ते चालतं. एकाच पीसच्या धंद्यात ‘आहे’ हा शब्द लिहिला त्या मिनिटापुरताच खरा असतो, आणि समोरचा तो ‘माझ्यासाठी आहे’ असा वाचतो. संध्याकाळी तो पैसे पाठवतो, तोपर्यंत साडी दुपारीच दुसऱ्याला गेलेली. पैसे परत करून भागतं, पण ते गिऱ्हाईक पुन्हा येत नाही.

म्हणून शिल्लक सांगणारं उत्तर एक नाही, चार हवीत. पीस या चारपैकी एका अवस्थेत असतो: मोकळा, कोणासाठी तरी राखलेला, रांग लागलेला, किंवा गेलेला.

मोकळा, /aahe

> आत्ता हा पीस आहे, एकच आहे. घ्यायचा असेल तर ‘हवा’ असं लिहा, मग तुमच्या नावाने दोन तास बाजूला ठेवते. नुसतं विचारून ठेवलं तर राखला जात नाही. कोड

राखला, /rakhla

> तुमच्या नावाने बाजूला ठेवलाय. क्यूआर पाठवते. पैसे पाठवल्यावर नाव, पूर्ण पत्ता, पिनकोड आणि फोन नंबर इथेच लिहा. पीस राखलाय तो इतक्या वाजेपर्यंत:

रांग, /raang

> हा पीस एकांनी राखून ठेवलाय. त्यांनी सोडला तर पहिला मेसेज तुम्हालाच. हो किंवा नाही, दोन्ही कळवते, आणि ते इतक्या वाजता:

गेला, /gela

> हा पीस गेला. याच कापडातला, याच्या जवळचा पीस दाखवते. तो आहे

यातली ‘इतक्या वाजेपर्यंत’ ही जागा टाळू नका. ‘थोडा वेळ राखते’ याचा अर्थ तुमच्यासाठी दोन तास आणि त्यांच्यासाठी उद्यापर्यंत. घड्याळाची वेळ लिहिली की वाद राहत नाही. राखण्याचा काळ दोन तास पुरेसा आहे. एक दिवस राखला तर माल अडकतो, अर्धा तास ठेवला तर नोकरीवरच्या बायकांना मेसेज बघायलाही मिळत नाही. रात्री नऊनंतर आलेल्या ‘हवा’ला सकाळी अकराची वेळ द्या.

एक दिवस धरून बघू. वाइन रंगाची इरकल, कोड इ १४, ₹१८५०. दुपारी १:१० ला इन्स्टाग्रामवर पहिलीने विचारलं, /aahe गेलं. १:२० ला तिने ‘हवा’ लिहिलं, /rakhla मध्ये ३:२० भरलं. १:४० ला व्हॉट्सअॅपवर दुसरीने त्याच साडीचं विचारलं. इथे हात आपोआप /aahe कडे जातो, कारण साडी समोर कपाटात दिसते आहे. पाठवायचं ते /raang, आणि वेळ भरायची ३:३०. तीन-वीस नाही, तीन-तीस. मधली दहा मिनिटं आपल्यासाठी आहेत. ३:२० ला पैसे आले नसतील तर आधी पहिलीला लिहायचं, ‘वेळ झाली, पीस सोडते आहे’, आणि मगच दुसरीला. हा क्रम उलटा झाला की पहिलीचे पैसे ३:२३ ला येतात आणि एका साडीच्या दोन मालकिणी होतात. सोडल्याचं कळवल्यानंतरही पहिलीचे पैसे आले, तर ते त्याच दिवशी, त्याच यूपीआयवर परत करा आणि साडी दुसरीलाच द्या.

पैसे आले हे स्वतःच्या बँकेच्या खात्यात बघूनच मानायचं. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट हा पुरावा नाही, तो बनवता येतो. खात्यात रक्कम दिसेपर्यंत पीस ‘राखलेला’च असतो, ‘गेलेला’ नाही.

कोणता पीस कुठल्या अवस्थेत आहे हे आठवणीवर सोडू नका. व्हॉट्सअॅपची लेबलं इन्स्टाग्रामच्या चॅटला लागत नाहीत, म्हणून साधी वही बरी: कोड, नाव, कुठलं ॲप, किती वाजेपर्यंत. ‘आहे का?’ आलं की आधी वही, मग तयार उत्तर. राखलेला पीस कपाटातून काढून वेगळ्या पिशवीत, वर चिठ्ठी लावून ठेवला तर वही बघायचं विसरलं तरी हात थांबतो.

‘गेला’च्या उत्तरात ‘लवकरच परत येईल’ असं कधी साठवू नका. विणकराकडे मागणी नोंदवलेली असेल तरच ते हाताने लिहा, आणि रंगाची छटा पुढच्या खेपेला थोडी वेगळी येऊ शकते हेही सांगा. हातमागाच्या मालात ते होतंच.

डिलिव्हरी

पिनकोड मिळाल्याशिवाय दिवस आणि खर्च दोन्ही सांगू नका. आणि जो दिवस तुमच्या हातात आहे त्याचंच वचन द्या, म्हणजे पार्सल निघण्याचा. ‘चार दिवसांत मिळेल’ असं लिहिलं की कुरियरचा उशीर तुमच्या नावावर पडतो. शब्द: /delivery

> तयार पीस पैसे आल्यापासून दोन कामाच्या दिवसांत निघतो, शिवायचा असेल तर दहा दिवसांत. निघाला की ट्रॅकिंग नंबर पाठवते. एखाद्या तारखेला नेसायचा असेल तर ती तारीख आधीच सांगा. तुमच्या पिनकोडला कुरियर ₹

तारखेचं वाक्य काढू नका. हळदीकुंकू किंवा बारशासाठी घेतलेली साडी दुसऱ्या दिवशी पोहोचली तर तिचा उपयोग संपलेला असतो. तारीख गाठता येत नसेल तर पैसे घेण्याआधी तसं स्पष्ट सांगा.

कुरियरचा आकडा देण्यासाठी पॅक केलेलं पार्सल स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा, नुसती साडी नाही. दर बहुधा अर्ध्या किलोच्या टप्प्याने वाढतात, आणि जड साडी, ब्लाउज पीस व पॅकिंग मिळून तो टप्पा सहज ओलांडतात. खोक्याने आणखी फसगत होते. बऱ्याच कुरियर कंपन्या लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात आणि येणारे किलो खऱ्या वजनापेक्षा जास्त असतील तर तेच धरतात. ३० × २५ × ८ च्या खोक्याचे १.२ किलो होतात, आत साडी सहाशे ग्रॅमची असली तरी. भेट म्हणून खोकं मागितलं तर त्याचे पैसे वेगळे सांगा, एरवी कुरियरची जाड पिशवी पुरते.

महिन्यातून एकदा

सगळी उत्तरं स्वतःलाच पाठवून वाचा. दिवाळीआधी कामाचे दिवस वाढवले असतील तर भाऊबीजेनंतर ते परत खाली आणा, शिलाईचे दिवस हातातल्या कामाप्रमाणे बदला, आणि बदल दोन्ही ॲपमध्ये झालाय ना ते बघा. एखादा प्रश्न आठवड्यात पाच वेळा हाताने लिहून द्यावा लागला असेल (‘ब्लाउजची बाही किती लांब येईल?’ हा नेहमीचा) तर त्याचं उत्तर साठवा आणि महिनाभरात एकदाही न वापरलेलं एक काढून टाका.