हगवण नव्या चाऱ्याची की पीपीआरची? आधी शेळीचं नाक बघा

मृगाचा पाऊस पडला की आठ-दहा दिवसांत बांध हिरवे होतात, शेळ्या कोवळ्या गवतावर तुटून पडतात आणि पातळ हगतात. हे दरवर्षीचं आहे, म्हणून कुणी मनावर घेत नाही. पीपीआर, म्हणजे शेळ्यांची बुळकांडी, याच दिवसांत आली तर ती या हगवणीआड लपते. हगवण हे पीपीआरचं पहिलं लक्षण नाही. ती दिसते तोवर तीन-चार दिवस हातचे गेलेले असतात.

क्रम असा असतो. आधी ताप येतो. शेळीचा ताप एरवी 102-103 अंश फॅरेनहाइट असतो, तो 104 ते 106 पर्यंत चढतो. शेळी कान पाडून कळपामागे रेंगाळते, चारा सोडते. मग डोळ्यांतून आणि नाकातून पाणी गळतं. दोन दिवसांत ते पाणी घट्ट, पिवळसर होतं, नाकपुड्यांवर खपली धरते, डोळे चिपडांनी चिकटतात. आता ओठ उघडून हिरड्या बघा. त्यांवर गव्हाचा कोंडा भुरभुरल्यासारखा पांढुरका थर दिसतो, तोंडाला घाण वास येतो. हगवण त्यानंतर लागते, खोकला आणि धापही लागते. पाच ते दहा दिवसांत बरीच जनावरं दगावतात, त्यात करडं आणि पाठी जास्त. गाभण शेळ्या गाभडतात.

नव्या चाऱ्याने हगवण लागलेल्या शेळीला ताप नसतो, नाक कोरडं असतं, हिरड्या स्वच्छ गुलाबी असतात. लाळ्या-खुरकूत असेल तर तोंडाबरोबर खुरांतही फोड येतात. पीपीआरमध्ये खूर ठीक असतात.

एका वाड्यातली गोष्ट सांगतो. बावीस उस्मानाबादी शेळ्या, लसीकरण झालेलं नव्हतं. रविवारच्या बाजारातून दोन पाठी आणल्या आणि त्याच दावणीला बांधल्या. पाचव्या दिवशी एकीचं नाक गळू लागलं. घरचे म्हणाले, पावसात भिजली असेल. आठव्या दिवशी ती हगू लागली, तेव्हा जंताचं औषध पाजलं. बाराव्या दिवशी घरच्या चार करडांना ताप भरला होता आणि पहिली पाठ मेली होती. पाचव्या दिवशीच तिला वेगळं काढलं असतं तर सगळे वाचले असते असं नाही, कारण नाक गळायच्या सुमारासच विषाणू बाहेर पडू लागतो. पण करडांपर्यंतचा रोजचा संपर्क तिथेच तुटला असता.

वेगळं काढणं म्हणजे त्याच छपरात दुसरा खुंटा नव्हे. आजारी जनावर वाऱ्याच्या खालच्या अंगाला, शक्यतो वीस-पंचवीस पावलं दूर ठेवा. त्याची बादली, गव्हाण, झाडू वेगळा. आधी निरोग्यांचं काम उरका, आजाऱ्यांकडे शेवटी जा, मग हातपाय साबणाने धुवा. उरलेला कळपसुद्धा गावच्या पाणवठ्यावर आणि सामाईक कुरणात नेऊ नका. शेवटचं जनावर बरं झाल्यावर 21 दिवस हे पाळा. मेलेलं जनावर खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. आजारी शेळी पडत्या भावात बाजारात नेऊन सोडण्याचा मोह होतो, हे मला ठाऊक आहे. पण तुमच्या वाड्यात हा रोग बहुधा अशाच कुणाच्या तरी शेळीने आणलेला असतो.

विषाणूवर औषध नाही. पशुवैद्यक प्रतिजैविक देतात ते मागून येणाऱ्या न्यूमोनियासाठी, आणि सलाईन हगवणीने गेलेल्या पाण्यासाठी. दवाखान्यात लगेच कळवा किंवा 1962 वर फोन करा. नाकातला नमुना पहिल्या काही दिवसांतच घेतलेला चांगला.

लस मे महिन्यात, पाऊस सुरू व्हायच्या निदान तीन आठवडे आधी टोचून घ्या, कारण ताकद तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. जंताचं औषध त्याच्या पंधरा दिवस आधी द्या. मात्रा एक मिली, कातडीखाली. एकदा नीट लागली की किमान तीन वर्षं पुरते. म्हणून दरवर्षी मुख्य काम उरतं ते नव्या करडांचं आणि विकत घेतलेल्यांचं. लस घेतलेल्या आईच्या चिकातून करडाला तीन-चार महिने संरक्षण मिळतं आणि तेवढ्या काळात लस नीट लागत नाही. तेव्हा चौथा महिना संपताच टोचा: जानेवारीतली करडं मे महिन्यात बसतात, मार्चमधली जुलैत. व्यायला आलेल्या शेळ्या धरपकडीने दचकतात, त्यांना व्याल्यावर टोचलेलं बरं.

लस फसते ती बहुतेक उन्हात. पावडर थंड द्रावणातच विरघळवायची, बर्फावर ठेवायची आणि दोन तासांत संपवायची. एका बाटलीत पन्नास-शंभर शेळ्यांची लस असते, म्हणून चार वाडे एकाच सकाळी ठरवा. मात्र शेळ्या एका जागी गोळा करू नका, टोचणाऱ्यानेच वाड्या-वाड्यावर जावं.

गावात रोग आलाच असेल तर निरोगी वाड्यांना आधी टोचायचं, बाधित वाड्याला शेवटी, दर जनावराला नवी सुई. तापलेल्या जनावराला टोचू नका. ज्याच्या अंगात विषाणू आधीच शिरला आहे ते लसीनंतरही आजारी पडतं आणि दोष लसीवर येतो.

बाजारातून आणलेली शेळी 21 दिवस वेगळी बांधा. पहिले दहा दिवस रोज सकाळी कळप चरायला सोडण्याआधी तिचा ताप मोजा आणि ओठ उघडून हिरड्या बघा.