हाडाजवळ गुलाबी राहिलेलं चिकन: शिजलं की कच्चं, कसं ओळखाल?

रविवारी घरी तंगड्या केल्या होत्या. भाच्याने एक मोडली आणि ताट बाजूला सारलं, "मावशी, हे कच्चं आहे, रक्त दिसतंय." हाडाला लागून खरंच लालसर होतं. थर्मामीटर खुपसला तर ८१ अंश सेल्सिअस. मग संशय आला म्हणून कढईतली सगळ्यात मोठी तंगडी तपासली. ती वरून खमंग होती, चिरेतून पांढरी दिसत होती, आत मात्र ६२. म्हणजे जी लाल होती ती शिजलेली आणि जी पांढरी होती ती कच्ची.

आधी हा लाल रंग येतो कुठून ते बघू. बाजारातली ब्रॉयलर कोंबडी साधारण सहा आठवड्यांची असते. एवढ्या कोवळ्या वयात हाडं पूर्ण घट्ट झालेली नसतात, सच्छिद्र असतात. शिजताना हाडातल्या मगजाचा लाल रंग त्यातून झिरपतो आणि भोवतालच्या मांसाला लागतो. चिकन फ्रीजरमधलं असेल तर हे जास्तच होतं. कधी हाडाभोवती काळपट-जांभळा डागही पडतो. दिसायला वाईट, पण मांस पुरेसं तापलेलं असेल तर खायला काहीच हरकत नाही. जून गावठी कोंबडीची हाडं टणक असतात, म्हणून तिच्यात हा प्रकार क्वचितच दिसतो.

उलट बाजूही आहे. दही-लिंबात मुरवलेलं मांस आंबटपणामुळे कमी तापमानालाच पांढरं पडतं, आणि हळद-तिखट उरलासुरला रंग झाकून टाकतं. त्यामुळे रंगावर निकाल द्यायचा नाही. 'पाणी स्वच्छ आलं की शिजलं' हा जुना आडाखाही तितकाच कच्चा.

खरी कसोटी तापमानाची. साल्मोनेला आणि कॅम्पायलोबॅक्टर हे चिकनमधले त्रासदायक जंतू. मांस आतपर्यंत ७४ अंशांना पोचलं की ते मरतात. ७० अंशांवरही मरतात, पण तिथे २ मिनिटं टिकावं लागतं. घरी ७४ धरून चालणं सोपं.

मोजायचं असं:

१. स्वयंपाकाचा टोकदार डिजिटल थर्मामीटर घ्या. बर्फ जास्त आणि पाणी कमी अशा पेल्यात टोक बुडवून ढवळा. ० च्या आसपास दाखवला तर तो खरा.

२. तुकडा कढईबाहेर काढा आणि मांडीच्या सगळ्यात जाड भागात बाजूने टोक घाला. हाडाला टेकवू नका. टेकलं की आकडा मांसाचा राहत नाही. टेकलंच तर किंचित मागे घ्या.

३. टोक हळूहळू आत-बाहेर करा आणि दिसलेला सर्वांत कमी आकडा धरा. तो ७४ च्या वर हवा. तंगडी मी स्वतः ८० च्या पुढे नेते, कारण तिथे सांध्याजवळचा चिवटपणा जातो.

४. सगळ्यात मोठा तुकडा मोजा. तो झाला की बाकीचे बहुधा झालेलेच असतात. कच्च्या तुकड्यात घातलेलं टोक पुन्हा घालण्याआधी साबणाने धुवा.

थर्मामीटर नसेल तर सुरीने हाडापर्यंत चीर द्या आणि रंगाऐवजी पोत बघा. कच्चं मांस काचेसारखं चकचकीत, जेलीसारखं दिसतं, बोटाने दाबलं तर लिबलिबीत लागतं आणि हाडाला चिकटून असतं. शिजलेल्याचे तंतू सुटे होतात, सांधा सहज फिरतो, मांस हाडावरून सरकतं. हा अंदाजच आहे, म्हणून शंका आली तर झाकण ठेवून आणखी ५ ते ७ मिनिटं द्या आणि पुन्हा बघा. छोटे तुकडे अर्धा तास रटरटणाऱ्या रश्श्यात असतील तर एवढी काळजी लागत नाही. घोळ होतो तो भाजलेल्या-तळलेल्या मोठ्या तुकड्यांत.

आमच्या मोठ्या तंगडीचं काय बिघडलं? शनिवारी रात्री फ्रीजरमधून काढून खालच्या कप्प्यात ठेवलेल्या तंगड्या एकमेकींना चिकटून होत्या आणि ही नेमकी मधोमध. सकाळी मसाला चोळताना बाहेरून मऊ लागली, पण हाडाजवळ बर्फ शिल्लक असणार. त्यात आच मोठी, म्हणून वरून लवकर रंग धरला. कढईत अर्धी वाटी गरम पाणी घालून, झाकण ठेवून, मंद आचेवर १२ मिनिटांनी ती ८२ वर आली. आता गोठवतानाच तंगड्या सुट्या ठेवते आणि शिजवण्याआधी हाडालगत सुरीचं टोक घालून बघते. करकरलं तर अजून थांबायचं.

भाच्याने शेवटी लाल दिसणारीच खाल्ली, हाडाभोवतीचा भाग मात्र ताटात ठेवून.