एलडीएल उतरत नाही? आहार निवडताना या चुका टाळा

मीठ निम्म्यावर आणलं, लोणचं-पापड बंद केले, तरी तीन महिन्यांनी एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, तिथेच, अशी तक्रार बरेच जण करतात. मीठ कमी केल्याने रक्तदाब उतरतो, एलडीएल नाही. रक्तदाबासाठी आखलेल्या डॅश आहाराने एलडीएल थोडं खाली येतं, पण त्याचं कारण वेगळं आहे. १९९७ च्या मूळ प्रयोगात सगळ्या गटांच्या जेवणात मीठ सारखंच होतं. फरक पडला तो साय-लोण्यातली संपृक्त चरबी घटल्यामुळे.

ऑलिव्ह तेलाचंही असंच होतं. तूप, नारळ, साय आहे तसं ठेवून सॅलडवर वरून तेल घातलं, तर फक्त कॅलरी वाढतात. तेल त्या चरबीच्या जागी आलं पाहिजे. स्पेनमधल्या प्रेडिमेड अभ्यासात भूमध्यसागरी आहारासोबत ऑलिव्ह तेल किंवा सुकामेवा घेणाऱ्यांना हृदयविकार आणि पक्षाघात कमी झाले. तो आहार हृदयासाठी चांगलाच आहे. पण एलडीएलचा आकडा खाली आणणं हे त्याचं मुख्य काम नाही.

ते काम पोर्टफोलिओ आहाराचं. टोरोंटोचे संशोधक डेव्हिड जेन्किन्स यांनी तो आखला. दिवसाला साधारण २००० कॅलरींमागे चार गोष्टी: मूठ-दीड मूठ (४५ ग्रॅम) सुकामेवा, सोया-डाळींतून ५० ग्रॅम प्रथिनं, पाण्यात विरघळून चिकट होणारे २० ग्रॅम तंतू आणि २ ग्रॅम वनस्पती स्टेरॉल, म्हणजे कोलेस्टेरॉलसारखेच दिसणारे वनस्पतींतले घटक. सगळं जेवण तयार करून दिलं तेव्हा एलडीएल तिशीच्या आसपास टक्क्यांनी उतरलं. लोकांना नुसता सल्ला देऊन घरी करू दिलं तेव्हा सुमारे १३ टक्के. म्हणजे १६० चं साधारण १३९.

इथली सर्वांत मोठी चूक म्हणजे रोज चार बदाम खाऊन हा आहार चालू आहे असं मानणं. प्रथिनांचं गणित मांडून बघा: दिवसभरात १०० ग्रॅम कोरडी डाळ आणि ५० ग्रॅम सोया वड्या घेतल्या की ५० ग्रॅमच्या जवळपास पोहोचता येतं. तंतूंसाठी भेंडी आणि वांगं मूळ प्रयोगातच होती, पण भरल्या वांग्यात खोबरं सढळ हाताने घातलं तर फायदा कमी होतो. दोन वेळा मिळून १० ग्रॅम इसबगोल घेतल्यास सुमारे ७ ग्रॅम विरघळणारे तंतू मिळतात. उरलेले ओट्स, जव, डाळी यांतून. इसबगोल भरपूर पाण्याबरोबर आणि थायरॉइडच्या किंवा इतर गोळ्यांपासून निदान दोन तास लांब घ्या.

स्टेरॉल मात्र नेहमीच्या जेवणातून २ ग्रॅम मिळत नाही. ते घातलेले पदार्थ मिळाले नाहीत, तर बाकीच्या तिन्हींवर जोर द्या आणि थोड्या कमी घटीची अपेक्षा ठेवा.

पुढची तपासणी आठ-बारा आठवड्यांनी, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत करा. स्टॅटिन हे कोलेस्टेरॉलचं औषध चालू असेल तर निकाल चांगला आला म्हणून ते स्वतःहून थांबवू नका. एलडीएल १९० किंवा त्याहून जास्त असेल, तर कारण आनुवंशिक असू शकतं. तिथे आहारासोबत औषध लागतंच, आणि भावंडं-मुलांचीही तपासणी करून घ्यावी.