आधी रॉड, मग प्लेट: ऑर्थोच्या पहिल्या वर्षातली एक गुडघ्याची केस

खान्देशात ऑर्थोची रेसिडेन्सी करायला येणाऱ्यांना टिबिअल प्लॅटूचे फ्रॅक्चर भरपूर बघायला मिळतात, म्हणून मी जिथे चुकलो तेवढंच सांगतो.

पहिल्या वर्षाला असताना रात्री अमळनेरकडचा एक शेतकरी आला, चाळिशीतला, बाईक ट्रॉलीवर धडकलेली. एक्सरेत दोन्ही कॉन्डाइल फुटलेले आणि वरचा सगळा भाग शाफ्टपासून सुटलेला, म्हणजे शॅट्झकर टाइप सहा. या वर्गीकरणात एक ते तीन बाहेरच्या बाजूचे, चार आतल्या बाजूचा, पाचमध्ये दोन्ही बाजू आणि सहामध्ये शिवाय शाफ्टही सुटतो. पण खरं सांगू, नंबर पाठ करण्यापेक्षा एवढं धरा की चारपासून पुढे मार जोराचा असतो, म्हणून आधी पायाची नाडी बघा, पोटरी कडक आहे का ते बघा, आणि बोटं हलकीच ताणल्यावर पेशंट ओरडतो का तेही. ओरडला तर कम्पार्टमेंट सिंड्रोम समजून लगेच सिनियरला उठवा, सकाळची वाट बघू नका.

नातेवाईक म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आजच करी टाका ना ऑपरेशन." मलाही तेच वाटत होतं. पण पाय फुगून चकाकत होता, अशी कातडी कापून दोन प्लेटा बसवल्या तर टाके उसवतात, पू होतो आणि आत प्लेट उघडी पडते. म्हणून त्या रात्री फक्त गुडघ्यावरून एक्सटर्नल फिक्सेटर, दोन पिना मांडीच्या हाडात, दोन नडगीत, मधे रॉड. पाय ओढून लांबी आणली की लिगामेंटच्या ताणाने तुकडे बऱ्यापैकी जागेवर येतात, सूज उतरायला मदत होते, आणि सीटी नंतर काढला की कुठला तुकडा कुठे आहे ते नीट कळतं. आधी काढलेल्या सीटीत नुसता चुरा दिसतो. दबून खाली बसलेला सांध्याचा तुकडा मात्र ओढून वर येत नाही, त्याला कोणतंच लिगामेंट धरून नसतं, तो नंतर उघडूनच उचलावा लागतो.

इथेच मी चुकलो. नडगीची वरची पिन फ्रॅक्चरच्या फार जवळ मारली, जिथे पुढे प्लेट येणार होती. सर काही बोलले नाहीत, फक्त एक्सरेवर प्लेटची लांबी पेनाने आखून दाखवली, पिन बरोब्बर तिच्या खाली! ती काढून खाली दुसरी मारली. पिनच्या भोकातून जंतू प्लेटपर्यंत जातात, म्हणून आधी प्लेट कुठपर्यंत येईल ते आखायचं आणि मग पिन.

तिसऱ्या दिवशी फोड आले, काही पाण्याचे, काही रक्ताचे, रक्ताचे म्हणजे कातडी जास्त खोलवर दुखावलेली, त्यावरून चीर द्यायची नाही. मी रोज सकाळी कातडीवर सुरकुत्या पडतात का, म्हणजे सूज उतरली का, बघायचो. अकराव्या दिवशी पडल्या, फोडही सुकले होते, मग बाहेरून एक आणि आतून मागच्या बाजूने एक अशा दोन वेगळ्या चिरांतून दोन प्लेटा बसवल्या. नातेवाईकांना वाटत होतं आम्ही अकरा दिवस टाइमपास केला, बिलावरूनही कुरबुर झाली, तेव्हा फोडांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवले होते तेच दाखवले.