या चुका टाळा: ६० टक्क्यांची अट आणि मराठी माध्यमाचा बायोडेटा

जाहिरातीत ‘दहावी, बारावी आणि पदवीला किमान ६० टक्के’ अशी अट असते. चाळणी करणारा बायोडेटातला आकडा पाहतो आणि हो किंवा नाही ठरवतो. चूक इथेच होते, कारण तो आकडा कितीपैकी काढला आहे हे कोणी विचारत नाही.

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीचं उदाहरण घ्या. मराठी ६६, हिंदी ६२, इंग्रजी ३८, गणित ५८, विज्ञान ६०, सामाजिक शास्त्रे ६४. सहाही विषय धरले तर ६०० पैकी ३४८, म्हणजे ५८ टक्के. मंडळाच्या ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ पद्धतीनं सर्वांत कमी गुणांचा विषय, इथे इंग्रजी, वगळला की ५०० पैकी ३१०, म्हणजे ६२ टक्के. मुलगी तीच, पण एका हिशेबात ती बाद, दुसऱ्यात पात्र. जाहिरातीत वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर मंडळानं गुणपत्रिकेवर छापलेली टक्केवारीच धरावी. सहा विषयांची बेरीज स्वतः करून उमेदवाराला ‘खोटा आकडा लिहिला’ म्हणणं हा सरळ अन्याय आहे.

बारावीला मात्र ही सवलत नाही. तिथे सगळ्या विषयांची बेरीज धरतात. दहावीच्या सवयीनं उमेदवार बारावीचेही चांगले पाचच विषय धरतात, म्हणून बारावीचा आकडा गुणपत्रिकेशी ताडूनच घ्या.

बायोडेटात नुसतं ‘प्रथम श्रेणी’ असेल, तर राज्य मंडळात ती ६० टक्क्यांपासून सुरू होते; टक्केवारी नाही म्हणून अर्ज बाजूला टाकू नका, गुणपत्रिका मागवा. सीजीपीए दिसला की ९.५ नं गुणायची सवयही घातक आहे. तो गुणक सीबीएसईच्या २०१० ते २०१७ च्या दहावीचा. पदवीच्या सीजीपीएला त्या विद्यापीठाचं स्वतःचं सूत्र लागतं.

५९.९९ चं काय? आयबीपीएसच्या बँक भरतीत ते ६० पेक्षा कमीच धरतात. तुमच्याकडेही वरचा पूर्णांक धरायचा की नाही, हे अर्ज उघडण्याआधी ठरवा आणि सगळ्यांना तेच लावा.

आता त्या मुलीचे इंग्रजीतले ३८ गुण. मराठी माध्यमात इंग्रजी ही प्रथम भाषा नसते, त्यामुळे इंग्रजी माध्यमाच्या मुलाच्या प्रथम भाषेच्या गुणांशी त्यांची तुलना होत नाही. पेपरच वेगळा असतो. शिवाय ‘मराठी माध्यम’ लिहिणाऱ्यानं सेमी-इंग्रजीतून गणित आणि विज्ञान इंग्रजीतच शिकलेलं असू शकतं. कामाला इंग्रजी लागत असेल, तर एका ग्राहकाच्या तक्रारीला दहा ओळींचं उत्तर लिहायला द्या. दहावीच्या गुणांपेक्षा ते जास्त सांगेल.

अर्जात ‘टक्केवारी’ असा एकच रकाना ठेवू नका. मंडळ, वर्ष, मिळालेले गुण आणि एकूण गुण असे चार ठेवा.