टन-किलोमीटरचा दर नेमका कुठे चुकतो? मालवाहू गाडीचा परिव्यय काढताना या चुका टाळा

मालवाहू गाडीचा प्रति टन-किलोमीटर खर्च काढताना बहुतेकांचे लक्ष अंशाकडे, म्हणजे डिझेल, टायर, विमा आणि पगार यांच्या बेरजेकडे असते. खर्चाची बेरीज सहसा बरोबर येते, कारण तिच्या पावत्या हाताशी असतात. चूक होते ती छेदात, म्हणजे महिन्याभरात किती टन-किलोमीटर वाहतूक झाली हे मोजताना; एक टन माल एक किलोमीटर नेला की एक टन-किलोमीटर होते. म्हणून या लेखात छेदाचाच विचार सविस्तर केला आहे.

जळगावच्या एका १० टन क्षमतेच्या ट्रकची फेरी घेऊ. अंतरे आणि रकमा गणित सोपे व्हावे म्हणून ठोकळमानाने गृहीत धरल्या आहेत. गाडी जळगावहून १० टन डाळ घेऊन ९० किलोमीटरवरील धुळ्याला जाते. तेथे ६ टन माल उतरतो आणि उरलेली ४ टन डाळ ६० किलोमीटर पुढे दोंडाईच्याला पोहोचते. दोंडाईच्याहून ७ टन सुकी लाल मिरची भरून गाडी अमळनेरमार्गे १२० किलोमीटरचा प्रवास करून जळगावला परतते. एकूण फेरी २७० किलोमीटरची झाली. महिन्याला अशा २० फेऱ्या होतात आणि सर्व मिळून खर्च १,९८,००० रुपये येतो. त्यातील १,५३,८०० रुपये डिझेल, टोल, टायर, दुरुस्ती आणि किलोमीटरनुसार आकारलेला घसारा यांचे आहेत, तर ४४,२०० रुपये पगार, विमा, कर, परवाना आणि जागेचे भाडे यांचे आहेत.

पहिली चूक: दोन पद्धतींची सरमिसळ

निरपेक्ष टन-किलोमीटर काढताना प्रत्येक टप्प्यातील माल त्या टप्प्याच्या अंतराने गुणतात आणि नंतर बेरीज करतात. येथे १० × ९० = ९००, ४ × ६० = २४० आणि ७ × १२० = ८४०, म्हणजे एका फेरीचे १,९८० आणि महिन्याचे ३९,६०० टन-किलोमीटर झाले. व्यावसायिक टन-किलोमीटर काढताना आधी सर्व टप्प्यांतील मालाची सरासरी घेतात आणि ती एकूण अंतराने गुणतात. सरासरी (१० + ४ + ७) ÷ ३ = ७ टन आली, तिला २७० ने गुणून फेरीचे १,८९० आणि महिन्याचे ३७,८०० टन-किलोमीटर मिळतात.

पहिल्या पद्धतीने दर बरोबर ५ रुपये येतो आणि दुसऱ्या पद्धतीने सुमारे ५.२४ रुपये. दोन्ही उत्तरे आपापल्या व्याख्येनुसार योग्य आहेत. नुकसान होते ते दर एका पद्धतीने काढून आकारणी दुसऱ्या पद्धतीने केल्यावर. ५ रुपयांचा दर ३७,८०० टन-किलोमीटरला लावला, तर १,८९,००० रुपयेच हाती येतात आणि नफ्याचा विचार करण्याआधीच महिन्याला ९,००० रुपये कमी पडतात. ही चूक पकडण्याची सोपी कसोटी अशी, की काढलेला दर ज्या टन-किलोमीटरवर आकारणी होणार आहे त्यांनी गुणून पाहावा; गुणाकार एकूण खर्चाइतका आला नाही, तर सरमिसळ झालेली आहे. माझ्या मते गाडी वेगवेगळ्या टप्प्यांवर माल उतरवत-भरत असेल, तर भाडे ठरवण्यासाठी निरपेक्ष पद्धतच धरावी, कारण कोणते वजन किती लांब नेले याची खरी नोंद तिच्यातच राहते. व्यावसायिक पद्धतीत ६० किलोमीटरच्या टप्प्याला १२० किलोमीटरच्या टप्प्याइतकेच महत्त्व मिळते.

दुसरी चूक: रिकामा टप्पा सरासरीतून वगळणे

ही चूक सर्वांत महाग पडते, कारण ती उत्तरात दिसतच नाही. समजा, मिरचीचा हंगाम संपला आणि गाडी दोंडाईच्याहून रिकामी परतू लागली. आता माल दोनच टप्प्यांत आहे, म्हणून अनेक जण (१० + ४) ÷ २ = ७ टन अशी सरासरी काढतात आणि ती २७० किलोमीटरने गुणतात. उत्तर पुन्हा १,८९० येते, म्हणजे परतीचा ७ टन माल पूर्णपणे बंद झाला तरी कागदावरचा दर ५.२४ रुपयेच राहतो.

रिकाम्या टप्प्याचा माल शून्य धरायचा असतो, पण तो टप्पा मोजायचा असतो. सरासरी (१० + ४ + ०) ÷ ३, म्हणजे सुमारे ४.६७ टन येते आणि फेरीचे व्यावसायिक टन-किलोमीटर १,२६० होतात. निरपेक्ष टन-किलोमीटर तर ९०० + २४० = १,१४० एवढेच उरतात. रिकाम्या परतीला डिझेल थोडे कमी लागते, तो फरक बाजूला ठेवून खर्च तेवढाच धरला, तर महिन्याच्या २२,८०० निरपेक्ष टन-किलोमीटरवर दर सुमारे ८.६८ रुपये आणि २५,२०० व्यावसायिक टन-किलोमीटरवर सुमारे ७.८६ रुपये येतो. या वेळी व्यावसायिक आकडा निरपेक्षापेक्षा मोठा निघाला, हेही ध्यानात घ्यावे. जास्त माल लांबच्या टप्प्यावर असेल तर निरपेक्ष आकडा मोठा येतो, लांबचा टप्पा रिकामा किंवा हलका असेल तर लहान येतो, आणि सर्व टप्पे सारख्या अंतराचे असतील तर दोन्ही आकडे एकच येतात. त्यामुळे ‘व्यावसायिक आकडा नेहमी कमीच असतो’ असे सूत्र पाठ करू नये.

याच्या उलट, रिकाम्या परतीचे १२० किलोमीटर अंतरातूनच काढून टाकून ७ × १५० = १,०५० असे गणित करणेही चुकीचे आहे, कारण गाडी ते अंतर प्रत्यक्ष धावलेली आहे. मीटरवरील महिन्याचे किलोमीटर आणि टप्प्यांच्या अंतरांची बेरीज जुळते का, हे पाहिले की अशी गळती लगेच सापडते.

तिसरी चूक: वजनाचा आकडा चुकीच्या ठिकाणाहून घेणे

टन-किलोमीटरमध्ये फक्त मालाचे निव्वळ वजन येते. वजनकाट्याच्या पावतीवर भरलेल्या गाडीचे, रिकाम्या गाडीचे आणि निव्वळ असे तीन आकडे असतात. त्यांतील पहिला आकडा घेतला, तर ट्रकचे स्वतःचे वजनही मालात मोजले जाते आणि दर खोटा स्वस्त दिसतो. गाडीची क्षमता धरणेही तितकेच धोक्याचे आहे. सुकी मिरची वजनाला हलकी आणि आकाराने मोठी, त्यामुळे हौदा काठोकाठ भरलेला दिसतो आणि काट्यावर मात्र ७ टनच भरतात. बाजार समितीचे व्यवहार क्विंटलमध्ये होत असल्याने १० क्विंटल म्हणजे १ टन हे रूपांतरही नोंदवहीतच करून ठेवावे.

कालावधी आणि नफा

वर्षाचा विमा ज्या महिन्यात भरला त्याच महिन्यावर पूर्ण टाकू नये. ६०,००० रुपयांच्या हप्त्यातील ५,००० रुपयेच एका महिन्याचे. फेऱ्या २० वरून १२ वर आल्या, तरी ४४,२०० रुपयांचा स्थिर खर्च तसाच राहतो. तो आता २३,७६० निरपेक्ष टन-किलोमीटरवर विभागला जात असल्याने प्रति टन-किलोमीटर सुमारे १.१२ रुपयांवरून १.८६ रुपयांवर जातो.

नफ्याची टक्केवारी कशावर आहे, हे शेवटी एकदा वाचून घ्यावे. खर्चावर २० टक्के म्हटले असेल, तर ५ रुपयांच्या खर्चाला भाडे ६ रुपये होते. भाड्यावर २० टक्के म्हटले असेल, तर ५ रुपये हा भाड्याचा ८० टक्के भाग ठरतो आणि भाडे ६.२५ रुपये येते. ३९,६०० टन-किलोमीटरवर हा फरक महिन्याला ९,९०० रुपयांचा आहे.